टेन्शन आलंय की कॉफी चढलीय? आधी घड्याळ बघा

छातीत धडधडतंय, हात थरथरतायत, डोक्यातले विचार थांबत नाहीत, म्हणजे मला टेन्शन आलंय, काहीतरी गोळी द्या. सांगलीत विश्रामबागला माझं मेडिकल आहे, आसपास कॉलेजं, क्लास, अभ्यासिका, त्यामुळं परीक्षेच्या दिवसात हे वाक्य संध्याकाळनंतर हमखास ऐकायला मिळतं. हल्ली मोबाईलवर बघून 'मला पॅनिक अटॅक येतोय' असंही पोरं थेट सांगतात. मी फक्त एवढंच विचारतो की दुपारपासून काय काय प्यायलास, आणि उत्तर ऐकलं की निम्म्या वेळा गोळीचा विषयच संपतो.

टेन्शन कसं असतं ते तुम्हाला सांगायची गरज नाही, ते सगळ्यांनी भोगलंय. पित्ताशीही लोक गोंधळ करतात पण ते सोपं आहे, पित्तात जळजळतं, आंबट ढेकर येतात, हात थरथरत नाहीत, तेव्हा ते सोडा. खरी गफलत होते ती टेन्शन आणि कॅफिन यांच्यात, कारण शरीराला दोन्ही वेळा होतं तेच. नाडी पळते, घाम येतो, बोटं थरथरतात, पोटात गोळा येतो, झोप उडते. नुसत्या लक्षणांवरून वेगळं करायला गेलात तर डॉक्टरसुद्धा फसेल. म्हणून लक्षणं मोजत बसू नका, वेळ मोजा.

कॅफिन पोटात गेलं की साधारण पाऊण तासात जवळजवळ सगळं रक्तात उतरतं. म्हणजे प्यायल्यावर १५-२० मिनिटांनी सुरुवात, तासाभराच्या आत पूर्ण जोर, आणि मग ते उतरतं फार सावकाश. धडधाकट माणसाच्या अंगातलं कॅफिन निम्मं व्हायला अंदाजे पाच तास लागतात, कुणाला तीन, कुणाला सात. पॅनिक अटॅकचं गणित एकदम वेगळं. तो अचानक उसळतो, दहा मिनिटांच्या आसपास शिगेला जातो आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरायला लागतो, माणूस थकून जातो पण लाट गेलेली असते. त्यामुळं कुणी मला 'काका, सहा वाजल्यापासून धडधडतंय' असं रात्री दहाला सांगितलं तर माझा पहिला संशय कॅफिनवर जातो, चार तास एकसारखा शिगेवर राहणारा पॅनिक अटॅक सहसा नसतो.

दुसरी खूण, आधी काय आलं ते आठवा, विचार की धडधड. टेन्शनमध्ये विचार पहिला येतो, रिझल्टचा, पैशाचा, घरातल्या भांडणाचा, आणि मन त्याच एका विषयाभोवती फिरत राहतं. कॅफिनमध्ये शरीर आधी सुरू होतं. आपल्या मेंदूत दिवसभर अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं, ते 'आता दमलास, हळू हो' असं सांगत असतं, कॅफिन त्याच्या जागा अडवून बसतं, ब्रेकवरचा पाय उचलल्यासारखं. नाडी वाढली, अंग ताणलं, आणि मन मग कारण शोधायला लागतं की मी का घाबरलोय. कारण काय, हाताशी असेल ते सापडतंच. म्हणून कॅफिनचं डोकं उड्या मारतं, पुस्तकावरून फोनवर, फोनवरून मागच्या वर्षीच्या कुठल्यातरी बोलण्यावर, तिथून गावच्या जमिनीवर, आणि कुठल्याच विषयावर दोन मिनिटं टिकत नाही. कुणी समजूत घातली, काळजीचं कारणच मिटलं, तरी धडधड तशीच राहते. वर लघवीला सारखं जावं लागतं, पोट ढवळतं, हे त्याचे जोडीदार.

एक केस सांगतो, ओळख पटू नये म्हणून नाव-गाव सोडून. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा पोरगा, वजन पन्नास-बावन्न किलो, एरवी फक्त चहा पिणारा. आदल्या रात्री चार तास झोप. दुपारी दोनला दोन चमचे इन्स्टंट कॉफी घालून मोठा मग, पाचला एनर्जी ड्रिंकचा कॅन, आठला परत तसाच मग, जेवण टाळलेलं, आणि साडेनऊला नाक चोंदलं म्हणून सर्दीची गोळी. दहाला दुकानात आला तेव्हा नाडी १०४, बोटं बारीक थरथरत होती, आणि म्हणत होता की माझं काही खरं नाही, मी घरी फोन करून सांगतो की परीक्षा देत नाही.

हिशोब घाला. निव्वळ इन्स्टंट कॉफीच्या एका चमच्यात अंदाजे ६० मिलिग्रॅम कॅफिन, म्हणजे एका मगात १२०. (चिकोरी मिसळलेली असेल तर कमी, पाकिटावर कॉफी किती टक्के ते छापलेलं असतं, ते वाचत जा.) एनर्जी ड्रिंकमध्ये आपल्याकडच्या नियमानं लिटरला ३०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, तेव्हा २५० मिलीच्या कॅनमध्ये ७५ धरा. सर्दीच्या आणि डोकेदुखीच्या बऱ्याच गोळ्यांत कॅफिन असतं, याच्या गोळीत ३० होतं. एकूण झालं ३४५. आता सगळीकडे वाचायला मिळतं की निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला ४०० पर्यंत चालतं, आणि पोरगा पण तेच म्हणाला, मी तर लिमिटच्या आत आहे.

ह्या ४०० च्या आकड्याचा मला खरंच वैताग आहे. तो आकडा दिवसभरात पसरून पिणाऱ्यासाठी आहे. एका वेळेची मर्यादा वेगळी, साधारण २००, आणि ती पण वजनावर, किलोमागे ३ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे ह्या पोराला दीडशेच. आणि रात्री दहाला त्याच्या अंगात किती होतं? दुपारच्या १२० पैकी ४० उरलेलं, कॅनमधलं निम्मं म्हणजे ३७, आठच्या मगातलं नव्वदच्या वर, वर गोळीचं. एकत्र २०० च्या आसपास, आणि तेही कॉफीची सवय नसलेल्या, उपाशी, झोप न झालेल्या अंगात. शिवाय सर्दीच्या गोळीत नाक मोकळं करणारं जे औषध असतं ते स्वतःही नाडी-बीपी वाढवू शकतं. पहाटे तीनला झोपायला गेला असता तरी १०० शिल्लक होतं, तेवढ्यावर बऱ्याच जणांना झोप लागत नाही.

मग काय करायचं. पहिलं, आता पुढचं कॅफिन बंद, आणि यात चहा पण आला. 'अर्धा कप चहा घे, बरं वाटेल' हा आपल्याकडचा सर्वात वाईट सल्ला आहे, चहाच्या कपात पण ३०-४० मिलिग्रॅम असतंच. कोला नाही, चॉकलेट नाही, ती सर्दीची गोळी परत नाही. दुसरं, लिंबूपाणी, ताक, दूध, नारळपाणी यातल्या कशानंही कॅफिन 'उतरत' नाही, ते लिव्हर आपल्या वेगानं काढतं आणि तो वेग आपल्याला वाढवता येत नाही. पाणी प्या ते तोंड कोरडं पडतं म्हणून, दोन ग्लास पुरे, घटाघटा लिटरभर नको. मिठाचं पाणी पिऊन उलटी काढायचा प्रकार तर अजिबात नको, तासाभरानंतर पोटात काढायला काही राहिलेलंच नसतं. पोट रिकामं असेल तर दहीभात, भाकरी, केळं असं साधं काहीतरी खा, भुकेची थरथर त्यात मिसळलेली असते तेवढी तरी जाते.

मग दहा-पंधरा मिनिटं सपाट रस्त्यानं आरामात चाला, धावायचं नाही, जिममध्ये जाऊन 'घाम काढायचा' नाही, नाडी आधीच वर आहे. श्वास चार मोजत आत, सहा-सात मोजत बाहेर, पाच मिनिटं. घाबरून भराभर श्वास घेतला की बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात आणि लोकांना वाटतं अटॅकच आला, सावकाश श्वास सोडला की त्या जातात. फोन लांब ठेवा. झोप आली नाही तर झोपेशी कुस्ती करू नका, दिवे कमी करून नुसतं पडून राहा. आणि त्या वेळेला कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, परीक्षा सोडायचा, नोकरीचा, कुणाला मोठा मेसेज टाकायचा, काहीही असो, सकाळी बघू. त्या पोराला मी एवढंच सांगून, खायला लावून रूमवर पाठवला, गोळी दिली नाही. घरातल्या कुणाची तरी झोपेची गोळी घेणं किंवा 'शांत व्हायला' दारू पिणं हे मात्र धोक्याचं आहे, दारूनं कॅफिन कमी होत नाही.

तेवढीच कॉफी पिऊनही अचानक त्रास व्हायला लागला तर काय बदललं ते बघा. सिगारेट ओढणाऱ्यांचं लिव्हर कॅफिन लवकर काढतं, त्यामुळं सिगारेट सोडली की तीच कॉफी जास्त चढते आणि लोक त्याला सिगारेट सोडल्याचं टेन्शन समजतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर कॅफिन जवळपास दुप्पट वेळ टिकतं, गरोदरपणात त्याहून जास्त, म्हणून तिथं दिवसाची मर्यादाच २०० आहे. सिप्रोफ्लोक्सासिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल तरी तेच, कोर्स संपेपर्यंत कॉफी कमी करा.

दुसऱ्या दिवशी सगळंच बंद करायची शपथ घेऊ नका. रोज पिणाऱ्यानं एकदम सोडलं की १२ ते २४ तासांत डोकं दुखायला लागतं, चिडचिड होते, आठवडाभर राहू शकतं, आणि मग तो म्हणतो टेन्शन परत आलं. दर दोन-तीन दिवसांनी एकेक कप कमी करा आणि दुपारी दोननंतर बंद. असं दोन आठवडे करूनही धडधड, भीती येतच राहिली, कॉफी न घेतलेल्या दिवशी पण आली, तर ते बहुधा टेन्शन आहे, डॉक्टरला दाखवा, त्यावर नीट उपचार होतात, ते कॉफीच्या नावावर ढकलत बसू नका. काहींना दोन्ही असतं, मुळात पॅनिकचा त्रास असतो आणि कॉफीनं तो पेटतो, त्यांनी कॉफीपासून लांबच राहावं.

आणि हे घरी बसून बघायचं नाही: छातीत दुखणं किंवा दाब, ठोका चुकत-अडखळत पडणं, चक्कर येऊन पडणं, श्वास न पुरणं, थांबत नसलेल्या उलट्या, बडबड किंवा भ्रम, झटके. यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन लावा किंवा सरळ हॉस्पिटल, आणि काय, किती, किती वाजता घेतलं ते लिहून सोबत न्या. जिमची प्री-वर्कआउट पावडर किंवा कॅफिनच्या गोळ्या घेतल्या असतील तर लक्षणांची वाट बघू नका, कारण थोड्या वेळात १२०० मिलिग्रॅमच्या आसपास गेलं तरी झटके येऊ शकतात आणि शुद्ध पावडरचा तेवढा डोस अर्ध्या चमच्यातसुद्धा मावतो. डबा किंवा पाकीट बरोबर घेऊन जा, डॉक्टर पहिल्यांदा तेच मागतील.