गोडेलचं वाक्य ‘खरं आहे’ आणि ‘प्रणाली सुसंगत असेल तर खरं आहे’

तर्कशास्त्रज्ञ कुर्ट गोडेलच्या प्रमेयावरून मन हे यंत्र नाही असं सिद्ध होतं, हा दावा वाचून वाचून मी वैतागलो आहे. दर वेळी गाडी एकाच ठिकाणी घसरते.

प्रमेय माहीत असेलच. प्राथमिक अंकगणित मांडता येईल इतकी ताकद असलेली, यांत्रिक नियमांवर चालणारी प्रणाली F घ्या. तिच्यात ‘मी F मध्ये सिद्ध होत नाही’ अशा अर्थाचं वाक्य G रचता येतं. F सुसंगत असेल, म्हणजे तिच्यात परस्परविरोधी विधानं सिद्ध होत नसतील, तर ती G सिद्ध करू शकत नाही; आणि G नेमकं हेच म्हणतं, म्हणून ते खरं ठरतं. गोडेलने हे १९३१ साली दाखवलं.

१९६१ मध्ये जॉन लुकास या तत्त्वज्ञाने यावर युक्तिवाद उभारला: यंत्राला G सिद्ध करता येत नाही, आपल्याला मात्र ते खरं असल्याचं दिसतं, म्हणून आपण यंत्राच्या पलीकडे आहोत. पुढे भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोझ यांनी हाच धागा उचलला.

पण आपल्याला नक्की काय दिसतं? एवढंच: F सुसंगत असेल तर G खरं. आणि हे ‘असेल तर’वालं विधान, म्हणजे Con(F) → G, नेहमीच्या प्रणालींमध्ये खुद्द F सुद्धा सिद्ध करते. तिचं अडतं ते फक्त Con(F) वर, स्वतःच्या सुसंगतीवर. म्हणजे यंत्रावर मात करायची तर आपल्याला F सुसंगत आहे हे कळायला हवं, आणि तेही समोर येईल त्या प्रत्येक F बाबत. तत्त्वज्ञ हिलरी पुटनम यांनी ही खोच लुकास यांच्या लेखाआधीच, १९६० मध्ये, दाखवली होती.

सुसंगती नुसती बघून कळत नाही. तर्कशास्त्रज्ञ अलोन्झो चर्च यांनी १९३२ मध्ये तर्काची एक प्रणाली मांडली. १९३५ मध्ये त्यांच्याच विद्यार्थ्यांनी, क्लीनी आणि रॉसर यांनी, तिच्यात विसंगती दाखवली. विसंगत प्रणालीत काहीही सिद्ध होतं, G सुद्धा, आणि मग G खोटं ठरतं. मधल्या काळात तिचं G ‘खरं दिसतंय’ म्हणणारा माणूस चुकलाच असता.

अंकगणिताच्या पेआनो प्रणालीवर, म्हणजे PA वर, आपला विश्वास आहे हे खरं. पण Con(PA) गृहीतक म्हणून जोडलेलं यंत्रही पेआनोचं G सहज सिद्ध करतं. त्या नव्या यंत्राचं वेगळं G असतं, हेही खरं. मात्र त्यासाठी पुन्हा नव्या सुसंगतीची खात्री लागते.



लुकास चुकले म्हणून मन यंत्र ठरत नाही, हे विसरणारेही मला तितकेच खटकतात. प्रमेयातून निघतं ते इतकंच: मी यंत्र असेन, तर मी नेमकं कोणतं यंत्र आहे आणि ते सुसंगत आहे, या दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी गणिती खात्रीने कळू शकत नाहीत. स्वतः गोडेलही १९५१ च्या व्याख्यानात पर्याय ठेवूनच बोलले: एकतर माणसाचं मन कोणत्याही यंत्राच्या पुढे जातं, नाहीतर अंकगणिताचे काही प्रश्न त्याला कधीच सुटणारे नाहीत. त्यांचा स्वतःचा कल पहिल्या पर्यायाकडे होता, पण तो सिद्ध झाला असं त्यांनी म्हटलं नाही.