जोखीमभारित मालमत्ता आणि भांडवल पर्याप्तता

बँकेच्या ताळेबंदातला प्रत्येक रुपया सारख्याच धोक्यात नसतो. म्हणून रिझर्व्ह बँक प्रत्येक मालमत्तेला जोखीमभार देते. रक्कम गुणिले भार, याची बेरीज म्हणजे जोखीमभारित मालमत्ता. बँकेचे स्वतःचे भांडवल या बेरजेच्या किती टक्के आहे, ते भांडवल पर्याप्तता गुणोत्तर. बँकेत सगळे त्याला 'सीआरएआर' म्हणतात. १०० कोटींपर्यंत ठेवी असलेल्या नागरी सहकारी बँकेला ते किमान ९ टक्के लागते.

उदाहरणादाखल लातूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावची एक कल्पित बँक घेऊ. ठेवी ९० कोटी, एकूण मालमत्ता १०० कोटी. रोकड २ कोटी आणि ठेवतारण कर्ज ६ कोटी, दोन्हींचा भार शून्य. सरकारी रोखे २२ कोटी, भार २.५ टक्के, म्हणजे ५५ लाख. इतर बँकांतल्या १० कोटींच्या ठेवींना २० टक्के, म्हणजे २ कोटी. एक लाखाच्या आतली सोनेतारण कर्जे ८ कोटी आणि लहान घरकर्जे १० कोटी, दोन्हींना ५० टक्के, म्हणजे ९ कोटी. उरलेले ४२ कोटी पूर्ण १०० टक्क्यांनी धरायचे: मोंढ्यातल्या आडत्यांची व डाळमिलची कर्जे ३६, इमारत व फर्निचर ४, इतर २. बेरीज ५३.५५ कोटी.

भागभांडवल व राखीव निधी ६.५ कोटी. त्यातून संगणकप्रणालीसारखी अमूर्त मालमत्ता २० लाख वजा, आणि उत्तम कर्जांतूनही काही बुडेल म्हणून बाजूला काढलेली सर्वसाधारण तरतूद ४० लाख मिळवली की ६.७ कोटी. गुणोत्तर १२.५ टक्के. इथपर्यंत बँक निर्धास्त दिसते.

आता एका डाळमिलचे मालाच्या तारणावरचे ३ कोटींचे कॅश क्रेडिट कर्ज थकते. स्टॉक स्टेटमेंटवर तुरीची पोती भरपूर, गोदाम उघडले तर माल जेमतेम १ कोटीचा. तारणाची किंमत निम्म्याहून खाली गेल्याने खाते थेट संशयित वर्गात जाते. तारण नसलेल्या २ कोटींवर पूर्ण आणि तारण असलेल्या १ कोटीवर २० टक्के, अशी २.२ कोटींची तरतूद लागते. नफा नसेल तर ती सगळी भांडवलातून जाते: उरतात ४.५ कोटी. जोखीमभारित मालमत्ताही तेवढीच घटून ५१.३५ होते, पण तिच्यासाठी ही घट चार टक्क्यांची, भांडवलासाठी मात्र तेहतीस टक्क्यांची. गुणोत्तर ८.७६ टक्के.

९ टक्के गाठायला साधारण १२ लाखांचे नवे भांडवल हवे. नाहीतर १.३५ कोटींची पूर्ण भाराची कर्जे वसूल करून पैसा रोकडीत ठेवावा लागेल. म्हणजे वसुलीतून तोच परिणाम साधायला अकरापट रक्कम हलवावी लागते. ९ टक्क्यांखाली भागधारकांना भागांची रक्कम परत देणेही थांबते, आणि कर्ज फेडून बाहेर पडणारे सभासद नेमके तेव्हाच ती मागायला येतात.

फसगत बहुधा आकडेमोडीत नसते, तरतुदीत असते. मार्चअखेरीस थकबाकीदाराला नवे कर्ज देऊन जुने खाते भरून घेतले की तरतूद टळते आणि गुणोत्तर कागदावर शाबूत राहते. म्हणून तपासनीस ३१ मार्चच्या आधीचे आठ दिवस आणि एप्रिलचा पहिला आठवडा, दोन्हींचे खातेउतारे शेजारी ठेवून पाहतात.