मनगटावरची टणक गाठ: गँग्लिऑन की वाढलेलं हाड?

मनगटाच्या मागच्या बाजूला वाटाण्याएवढी किंवा सुपारीएवढी गोल गाठ दिसली, हाताला टणक लागली, की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "हाड वाढलंय." कधीकधी ते खरंही असतं. पण जी गाठ या महिन्यात मोठी, पुढच्या महिन्यात लहान आणि मग पुन्हा मोठी होते, ती हाडाची असणं अवघड आहे. हाड असं आकसत नाही. अशी गाठ बहुतेक वेळा गँग्लिऑन असते, म्हणजे सांध्यातून बाहेर आलेली, घट्ट द्रवाने भरलेली पिशवी. ती कर्करोगाची गाठ नाही.

मग आत द्रव असून ती दगडासारखी का लागते? दाबामुळे. गच्च हवा भरलेला चेंडू जसा दाबून दबत नाही, तसंच हे. आतला द्रव पाण्यासारखा नसतो, पारदर्शक जेलीसारखा चिकट असतो. ही पिशवी एका बारीक देठाने मनगटाच्या सांध्याला जोडलेली असते आणि तो देठ बहुधा मनगटातल्या दोन छोट्या हाडांना बांधून ठेवणाऱ्या लिगामेंटपाशी सुरू होतो. हात खूप वापरला की सांध्यातला द्रव देठातून पिशवीत ढकलला जातो, पण परत यायला तितकी मोकळी वाट मिळत नाही. म्हणून कामाच्या दिवसांत गाठ फुगते आणि विश्रांतीत हळूहळू ओसरते.

हाडाच्या उंचवट्याला कार्पल बॉस म्हणतात. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मागे तळहातात जी लांब हाडं असतात, त्यांची मुळं जिथे मनगटाच्या हाडांना मिळतात, तिथे हाडाची कड वर येते. ही जागाच ओळखायला सर्वांत उपयोगी पडते. मूठ वळा, मनगट थोडं खाली झुकवा आणि दुसऱ्या हाताचं बोट मधल्या बोटाच्या पेरावरून हाडावरून मागे, मनगटाकडे सरकवत न्या. हाड संपतं नेमक्या त्या टोकाला उंचवटा लागला, तर बॉसची शक्यता जास्त. तो ओलांडून आणखी मागे, मनगटाच्या मधल्या खोलगट भागात गाठ लागली, तर गँग्लिऑनची.

दुसरी खूण हालण्याची. गँग्लिऑन बाजूने ढकललं तर किंचित सरकतं, बॉस अजिबात नाही. तिसरी उजेडाची: अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च गाठीला एका बाजूने टेकवा. आत द्रव असेल तर गाठ लालसर उजळते. मात्र खोलवरची छोटी गाठ द्रवाची असूनही उजळत नाही, आणि चरबीची मऊ गाठही थोडीफार उजळू शकते. त्यामुळे केवळ टॉर्चवर निकाल देऊ नये.

समजा, रोज जोर मारणाऱ्या एका तिशीतल्या माणसाला दीड सेंटिमीटरची गाठ आहे. पंधरा दिवस व्यायाम बंद ठेवला की ती निम्मी होते, सुरू केला की परत येते. बोट हाडावरून नेल्यावर ती हाडाच्या टोकाच्या मागे लागते आणि उजळते. हे गँग्लिऑनच, असं डॉक्टर बहुधा तपासूनच सांगतील. शंका असली तर सोनोग्राफी. दुखत नसेल तर काहीही न करणं हा खरा पर्याय आहे, कारण अशा गाठींपैकी बऱ्याच आपोआप जातात. सुईने काढायची तर द्रव घट्ट असल्यामुळे सुई जाड लागते, आणि देठ तसाच राहत असल्याने निम्म्याच्या आसपास गाठी परत येतात. शस्त्रक्रियेत देठही काढतात, म्हणून परत येण्याचं प्रमाण कमी, पण शून्य नाही. शिवाय काही आठवडे मनगट आखडलेलं राहतं. जाड पुस्तक आपटून गाठ फोडायचा जुना उपाय करू नका: देठ शाबूत राहतो आणि खालचं हाड मोडू शकतं.

बॉसमध्ये सुई घातली तर काहीच निघत नाही. तिथे एक्स-रे लागतो, तोही हात थोडा तिरपा ठेवून, नाहीतर कड इतर हाडांच्या सावलीत लपते. दुखलं तर पट्टा, विश्रांती आणि वेदनाशामक, शस्त्रक्रिया क्वचित.

गाठ झपाट्याने वाढली, लाल-गरम झाली, बोटांना बधिरपणा आला किंवा रात्री झोपमोड होईल इतकी दुखली, तर घरच्या चाचण्या सोडून डॉक्टरांकडे जा.

सर्वांत फसवी गाठ तिसरीच: कमी होते, पण कधीच सपाट होत नाही. तिथे बॉसच्या वर गँग्लिऑन बसलेलं असू शकतं. द्रव ओसरला तरी खालची कड तशीच राहते, आणि फक्त गँग्लिऑन काढलं तर ऑपरेशन फसलं असं वाटतं. म्हणून गाठ सर्वांत लहान असते तेव्हा एकदा बोट फिरवून पाहा आणि खाली काही टोचतं का, ते डॉक्टरांना आधीच सांगा.