रुंद खिडकीवरचा लिंटल आणि स्लॅबने कापलेला त्रिकोण

विटांच्या भिंतीत खिडकी ठेवली तरी वरच्या भिंतीचं सगळं वजन लिंटलवर, म्हणजे खिडकीवरच्या आडव्या काँक्रीटच्या तुळईवर, येत नाही. सांधेमोड करून रचलेल्या विटा वजन दोन्ही बाजूंना सरकवत नेतात आणि भिंतीत आपसूक कमान तयार होते. कमानीखाली उरलेला त्रिकोण तेवढा लिंटलवर बसतो. हिशेबात तो समभुज, म्हणजे ६० अंशांचा धरतात.

पेडण्याच्या किनारपट्टीवरचं एक घर घेऊ. भिंत २३० मिमी जाडीची, खिडकी २.४ मीटर रुंद. लिंटल दोन्हीकडे २०० मिमी भिंतीवर टेकवला, तर हिशेबाची लांबी साधारण २.६ मीटर होते. त्रिकोणाची उंची २.२५ मीटर आणि त्यातल्या विटकामाचं वजन, घनमीटरला २,००० किलो धरून, सुमारे १,३५० किलो. कौलारू घराच्या उंच त्रिकोणी बाजूभिंतीत अशी खिडकी असेल तर हा हिशेब चालतो. २३० मिमी उंचीच्या लिंटलला खाली १२ मिमीच्या दोन सळया पुरतात.

आता तीच खिडकी स्लॅबच्या घरात. लिंटल आणि स्लॅब यांच्यामध्ये भिंत उरते जेमतेम ७५ सेंटीमीटर. सव्वादोन मीटरचा त्रिकोण तिथे पुरा होणार कसा? स्लॅब त्याला मध्येच कापतो. अशा वेळी वरची भिंत पूर्ण आयत धरावी आणि स्लॅबचा भारही मोजावा. खोली ४ मीटर रुंद असेल तर निम्मा, म्हणजे २ मीटर पट्ट्याचा भार या भिंतीवर येतो. चौरस मीटरला ६०० किलो धरले तर मीटरला १,२०० किलो. त्यात भिंतीचे ३४५ आणि लिंटलच्या स्वतःच्या वजनाचे १३० मिळवा: मीटरला जवळपास १,६७५ किलो. लिंटलला वाकवणारा जोर पहिल्या हिशेबाच्या दुप्पट होतो. खाली १२ मिमीच्या तीन सळया लागतात, आणि त्याही काठोकाठ पुरतात. ‘लिंटलला दोन बाराच्या नेहमीच घालतो’ असं मिस्त्री म्हणाला, तर वर स्लॅब किती उंचीवर आहे हे आधी विचारावं.

त्रिकोणाची आणखी एक अट आहे. कमान बाजूंना रेटा देते, म्हणून खिडकीच्या दोन्हीकडे लांबीच्या निम्मी तरी, इथे १.३ मीटर, सलग भिंत हवी. हवेसाठी खिडकी कोपऱ्याला चिकटवली की उरलेला अरुंद खांब तो रेटा पेलत नाही. तिथेही पूर्ण भार धरावा. भिंत ताजी असताना तर कमान नसतेच, कारण मसाला अजून कच्चा असतो. म्हणून वरचं विटकाम होऊन ते घट्ट होईपर्यंत टेकू काढू नयेत. लिंटल ओतल्यापासून १४ दिवस तरी ते राहू द्यावेत. पुढे छज्जा असेल तर जास्तच जपावं. वरच्या भिंतीचं दडपण नसलेला छज्जा लिंटलसकट पुढे कलंडू शकतो.

भार खाली येतो तेव्हा लिंटलचं पोट ताणलं जातं, म्हणून मुख्य सळया तळाशी. वरच्या ८ किंवा १० मिमीच्या दोन सळया मुख्यतः रिंगा धरून ठेवण्यासाठी असतात. ८ मिमीच्या रिंगा १२५ मिमी अंतरावर द्याव्यात. छज्जाच्या सळया मात्र वरच्या अंगाला हव्यात, कारण तो बाहेर लोंबतो आणि ताण वरच्या बाजूला पडतो. ओतताना बिगारी त्यांच्यावर पाय देतात, त्या खाली दबतात, आणि छज्जाच्या मुळाशी वरून चीर पडते.

खाऱ्या वाऱ्यात उघड्या राहणाऱ्या काँक्रीटला आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे ४५ मिमी कव्हर, म्हणजे सळयांबाहेरचा काँक्रीटचा थर, आणि एम ३० दर्जा लागतो. आधी दिलेला सळयांचा हिशेब हे कव्हर धरूनच केला आहे. पण जागेवर विटेचे तुकडे ठेवून सळया उचलल्या जातात. ते पाणी शोषतात, पावसाळ्यात सळई गंजते, फुगते आणि खालचं काँक्रीट सुटतं. सिमेंटचे कव्हर ब्लॉकच वापरावेत.

भेगा पाहून दोष ओळखता येतो. लिंटलच्या मध्यावर तळापासून वर जाणारी उभी चीर म्हणजे सळई कमी किंवा टेकू लवकर काढले. तळाला सळईच्या रेषेत लांबट चीर आणि तांबूस डाग म्हणजे गंज. विटांच्या सांध्यांतून खिडकीच्या दोन्ही कोपऱ्यांपासून पायऱ्यांसारख्या चढत एकमेकींकडे झुकणाऱ्या भेगा दिसल्या, तर लिंटल खाली वाकला आहे आणि वरचा त्रिकोण भिंतीपासून सुटतो आहे. अशा वेळी गिलावा करून भेग बुजवण्याआधी खाली टेकू लावावेत, मग अभियंत्याला बोलवावं.