सर्वात जास्त पॉवर आणि सर्वात जास्त कार्यक्षमता: एकाच सर्किटमधल्या दोन वेगळ्या जागा

मॅक्सिमम पॉवर ट्रान्सफर थिअरम डिप्लोमाच्या तोंडी परीक्षेत हमखास विचारला जातो, आणि उत्तरही पाठ असतं: लोडचा रोध सोर्सच्या अंतर्गत रोधाइतका असला की लोडला सर्वात जास्त पॉवर मिळते. मग परीक्षक विचारतात, ‘त्या वेळी कार्यक्षमता किती?’ उत्तर येतं, पन्नास टक्के. पुढचा प्रश्न मात्र बहुतेकांना अडकवतो. निम्मी ऊर्जा वाया जात असेल, तर त्या बिंदूला ‘सर्वात जास्त’ म्हणायचं तरी कशाला?

हा गोंधळ दोन गोष्टी एक समजल्यामुळे होतो. लोडला किती वॉट पोचले, हा एक प्रश्न. सोर्सने खर्च केलेल्या वॉटांपैकी कितवा हिस्सा पोचला, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर वॉटमध्ये येतं, दुसऱ्याचं टक्क्यांत. एकाचं शिखर जिथे आहे तिथे दुसऱ्याचं असायलाच हवं, असं काही नाही.

चार पेन्सिल सेल एका ओळीत जोडा. व्होल्टेज झालं ६. ताज्या अल्कलाइन सेलचा अंतर्गत रोध पाव ओहमच्या आसपास धरायला हरकत नाही, म्हणजे चारांचा मिळून १ ओहम. आता लोड न लावता दोन्ही टोकं थेट जोडली, तर करंट ६ अँपिअर. काहीच जोडलं नाही, तर करंट शून्य. आपलं सगळं काम या दोन टोकांच्या मधे चालतं.

लोडच्या टोकांवर मिळणारं व्होल्टेज म्हणजे सहातून सेलच्या आत खाल्लं गेलेलं वजा. दर अँपिअरला एक व्होल्ट आत खाल्ला जातो. म्हणून E हे सेलचं एकूण व्होल्टेज, I हा करंट आणि r हा अंतर्गत रोध धरला, तर लोडची पॉवर अशी लिहिता येते:

P = E·I − I²·r

करंट शून्य असताना ही पॉवर शून्य, कारण वीज वाहतच नाही. करंट ६ अँपिअर असतानाही शून्य, कारण सगळं व्होल्टेज आतच संपतं आणि लोडच्या वाट्याला काही उरत नाही. मधे ती वर चढते आणि पुन्हा खाली येते. हा आलेख परवलय आहे, आणि परवलयाचं शिखर दोन शून्यांच्या बरोबर मधोमध येतं. म्हणून शिखर ३ अँपिअरवर. त्यासाठी कॅल्क्युलसची गरज नाही. ३ अँपिअरवर आत ३ व्होल्ट गेले, लोडला ३ उरले, म्हणजे लोडचा रोध १ ओहम, सोर्सच्या अंतर्गत रोधाइतकाच. लोडला मिळाले ९ वॉट.

कार्यक्षमतेचा हिशेब आणखी सोपा आहे. लोडमधून आणि सेलच्या आतून जाणारा करंट एकच असल्याने, पॉवरचं गुणोत्तर म्हणजे व्होल्टेजचं गुणोत्तर. लोडवर ६ पैकी जितके व्होल्ट उरले, तितकी कार्यक्षमता. करंट शून्याजवळ असताना ती १०० टक्क्यांच्या जवळ असते, आणि करंट वाढत गेला की सरळ रेषेत उतरत ६ अँपिअरवर शून्याला टेकते. परवलयाचं शिखर मधोमध, आणि सरळ रेषाही मधोमध निम्म्यावर. पन्नास टक्क्यांमागे इतकंच आहे: दोन सारखे रोध, त्यांतून एकच करंट, म्हणून दोघांत उष्णता सारखी. ९ वॉट लोडमध्ये, ९ वॉट सेलच्या पोटात. सेल हाताला चांगले गरम लागतील.

आता त्याच चार सेलना ४ ओहमचा लोड लावा. एकूण रोध ५, करंट १.२ अँपिअर, लोडला ५.७६ वॉट. सोर्सने दिले ७.२ वॉट. कार्यक्षमता ८० टक्के. त्याऐवजी पाव ओहमचा लोड लावला, तर करंट ४.८ अँपिअर आणि लोडला मिळणारी पॉवर पुन्हा ५.७६ वॉटच! पण सोर्सला या वेळी २८.८ वॉट ओतावे लागले, त्यातले २३ वॉट आत जळाले. कार्यक्षमता २० टक्के. लोडला काहीही फरक कळत नाही, सेलना मात्र चौपट मोजावं लागतं. शिखर सोडल्यास प्रत्येक पॉवर अशी दोन ठिकाणी मिळते, एक शहाणी आणि एक उधळी. वॉटमीटरला ते दोघं सारखेच दिसतात. ओळखायचं व्होल्टमीटरने: लोड लावल्यावर व्होल्टेज रिकाम्या व्होल्टेजच्या निम्म्याच्या खाली गेलं, तर तुम्ही शिखर ओलांडून उधळ्या बाजूला उतरलात.

शिखर सपाट असतं, हे पुस्तकांत फारसं ठळक लिहिलेलं नसतं, पण प्रत्यक्ष कामात हेच जास्त उपयोगी पडतं. लोड १ ओहमऐवजी २ ओहम करा. करंट २ अँपिअर, लोडला ८ वॉट. नवातला एकच वॉट गेला. पण सोर्सचा खर्च १८ वरून १२ वर आला आणि कार्यक्षमता ५० वरून जवळजवळ ६७ टक्के झाली. नवव्या वॉटसाठी सहा वॉट जास्त जाळायचे, असा हा सौदा. ज्याला सेल पुरवायचे आहेत तो हा सौदा करणार नाही.

यातली सर्वात मोठी गफलत मात्र दुसरीकडेच आहे. थिअरम सांगतो की सोर्स ठरलेला असेल आणि लोड बदलता येत असेल, तर दोन्ही रोध सारखे ठेवा. उलटं केलं तर निकाल वेगळा येतो. लोड ठरलेला असेल आणि सोर्सचा अंतर्गत रोध तुमच्या हातात असेल, तर तो शक्य तितका कमी करा, लोडला नेहमी जास्तच मिळेल. मुद्दाम रोध वाढवून ‘मॅच’ करणं म्हणजे वीज स्वतःच्या हाताने जाळणं. स्पीकर ८ ओहमचा असतो म्हणून अँप्लिफायरचा आउटपुट रोधही ८ ओहम ठेवावा, असं सांगणारे भेटतात. चांगल्या अँप्लिफायरचा तो रोध ओहमच्या छोट्या अंशाइतका असतो, आणि स्पीकरच्या डायफ्रॅमवर ताबा राहायलाही ते बरं असतं.

ही गफलत विजेच्या इतिहासात अगदी सुरुवातीलाच येऊन गेली. मोरिट्झ फॉन याकोबी सेंट पीटर्सबर्गमध्ये बॅटरीवर फिरणाऱ्या इलेक्ट्रिक मोटर बनवत होता. १८३८ मध्ये त्याने नेव्हा नदीत विजेची बोट चालवली. बोट जोरात चालवायची असेल, तर मोटरकडून जास्तीत जास्त पॉवर हवी, आणि तिची अट त्याने काढली. नियम बरोबर होता. पण पुढे डायनामो आले तेव्हा अनेकांनी त्याचा अर्थ असा लावला की डायनामोचा आतला रोध बाहेरच्या सर्किटइतका असावा, आणि म्हणून कोणताही डायनामो निम्म्याहून जास्त वीज बाहेर देऊच शकणार नाही. १८७९ च्या सुमारास मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत थॉमस एडिसन आणि त्याचा गणिती सहकारी फ्रान्सिस अप्टन यांनी उलटा रस्ता धरला. आर्मेचरचा, म्हणजे डायनामोतल्या वीज तयार करणाऱ्या गुंडाळीचा, रोध बाहेरच्या सर्किटच्या मानाने अगदी कमी ठेवला आणि कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या घरात असल्याचा दावा केला. तेव्हा त्यावर अविश्वास दाखवणारे बरेच होते. पण एडिसन आणि अप्टनच्या हिशेबात डायनामोचं काम याकोबीच्या बोटीसारखं नव्हतंच. कोळसा विकत घ्यायचा आणि दिव्यांना वीज विकायची, असा धंदा होता. कोळशातला निम्मा भाग डायनामो तापवण्यात गेला असता, तर १८८२ चं न्यूयॉर्कचं पर्ल स्ट्रीट केंद्र तोट्यातच चाललं असतं. दिवे जास्त रोधाचे आणि एकमेकांना समांतर जोडलेले, हा निर्णयही याच विचाराचा भाग होता.

आजही वीज कंपनीची लाइन त्याच पद्धतीने चालते, आणि घरी बघता येतं. समजा, गिझर बंद असताना सॉकेटवर २३२ व्होल्ट आहेत आणि २ किलोवॉटचा गिझर लावल्यावर २२८ होतात. चार व्होल्ट पडले, करंट सुमारे ८.७ अँपिअर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून तुमच्या सॉकेटपर्यंतचा रोध साधारण ०.४६ ओहम. गिझरचा रोध २६ ओहम, पन्नासपटीहून जास्त, म्हणून वाटेत दोनच टक्के जातात. याच लाइनमधून सर्वात जास्त पॉवर ओढायची म्हटलं, तर लोड ०.४६ ओहमचा लागेल, करंट सुमारे २५० अँपिअर होईल, सॉकेटवर ११६ व्होल्ट उरतील, आणि सुमारे २९ किलोवॉट घरात तर तितकेच वायरींत तापतील. अर्थात त्याआधीच एमसीबी पडेल, आणि तो पडायलाच हवा. प्रयोग म्हणून हे करू नये. मोजणीसाठी गिझर पुरेसा आहे.

मग मॅचिंग कामाचं कुठे? जिथे सोर्सच्या उधळपट्टीचं बिल तुम्हाला भरायचं नाही, आणि मिळणारा सिग्नल इतका अशक्त आहे की प्रत्येक कण हवा, तिथे. अँटेनावर आलेले रेडिओतरंग फुकटचे असतात. त्यातला निम्माच भाग रिसीव्हरला पोचला तरी कोणी तक्रार करत नाही. निम्मा म्हणजे जास्तीत जास्त शक्य होता तेवढा. केबल टीव्हीच्या ७५ ओहमच्या तारेला मात्र आणखी एक कारण आहे. लांब तारेच्या टोकाला रोध जुळला नाही, तर सिग्नल परत उलटून येतो आणि ॲनालॉग टीव्हीच्या चित्रात सावल्या दिसतात. हे कारण पॉवर ट्रान्सफरपेक्षा वेगळं आहे, आणि अनेकदा तेच जास्त महत्त्वाचं ठरतं.

पन्नास टक्क्यांचा आकडाही सगळीकडे लावू नये. तो व्होल्टेज सोर्स आणि त्याच्यासोबत एका ओळीत एक स्थिर रोध, अशा साध्या चित्रासाठी आहे. सोलर पॅनल त्यात बसत नाही. ३६ सेलच्या पॅनलचं रिकामं व्होल्टेज २२ च्या आसपास असतं, पण सर्वात जास्त पॉवर सुमारे १८ व्होल्टवर मिळते, अकरावर नाही, कारण त्याचा करंट-व्होल्टेज आलेख सरळ रेषा नसून आधी सपाट आणि मग एकदम कोसळणारा असतो. म्हणून चार्ज कंट्रोलरमधलं, सर्वात जास्त पॉवरचा बिंदू शोधणारं एमपीपीटी सर्किट निम्मं व्होल्टेज गाठायला जात नाही. ते लोड थोडा हलवून पॉवर वाढली की घटली एवढंच पाहतं, आणि ऊन बदललं की पुन्हा पाहतं.