रोहित्र : वेढ्यांचे गुणोत्तर, प्रवाह व कार्यक्षमता यांचे गणन

रोहित्र म्हणजेच ट्रान्सफॉर्मर. त्यावरच्या गणितात बहुधा केव्हीए, दोन्ही बाजूंचे व्होल्टेज आणि दोन चाचण्यांची मापे दिलेली असतात. त्यांवरून आधी आदर्श रोहित्राचे आकडे काढायचे व मग हानी धरून ते दुरुस्त करायचे, असा क्रम असतो.

आदर्श रोहित्रात गुंडाळ्यांना रोध नसतो, फ्लक्सची गळती नसते आणि गाभ्याच्या चुंबकनासाठी प्रवाह लागत नाही. म्हणून V₁/V₂ = N₁/N₂ = I₂/I₁. ‘गुणोत्तर’ या शब्दाबाबत मात्र ग्रंथकारांत एकमत नाही. काही जण a = N₁/N₂ घेतात, तर भारतीय पाठ्यपुस्तकांत K = N₂/N₁ ही रीतही रूढ आहे. पहिली रीत अधिक सोयीची वाटते, कारण द्वितीयक बाजूचा रोध प्राथमिक बाजूला नेताना तो सरळ a² ने गुणता येतो. कोणतीही रीत घेतली तरी पडताळा एकच : जास्त वेढ्यांच्या बाजूला व्होल्टेज जास्त व प्रवाह कमी आला पाहिजे.

उदाहरणादाखल १० केव्हीए, २०००/२०० व्होल्ट, ५० हर्ट्‌झचे एकफेजी रोहित्र घेऊ. येथे a = १०. पूर्ण भाराचा द्वितीयक प्रवाह १०,००० ÷ २०० = ५० अँपिअर आणि प्राथमिक प्रवाह ५ अँपिअर. हे आकडे काढताना शक्तिगुणक लागत नाही. तो लागतो वॉट काढताना. १० केव्हीएला १० किलोवॉट समजणे ही नेहमीची चूक आहे.

प्रत्यक्ष रोहित्राची माहिती दोन चाचण्यांतून मिळते. खुल्या मंडलाची चाचणी बहुधा कमी व्होल्टेजच्या बाजूने घेतात. येथे तिची मापे २०० व्होल्ट, १ अँपिअर, १०० वॉट अशी धरू. हे १०० वॉट म्हणजे जवळजवळ सगळी लोहहानी. लघुमंडल चाचणी जास्त व्होल्टेजच्या बाजूने : १०० व्होल्ट, ५ अँपिअर, १५० वॉट. ही पूर्ण भाराची ताम्रहानी. यावरून प्राथमिक बाजूला नेलेला एकूण रोध १५० ÷ ५² = ६ ओहम, संरोध १०० ÷ ५ = २० ओहम आणि प्रतिक्रिया सुमारे १९.१ ओहम. हाच रोध द्वितीयक बाजूला ०.०६ ओहम होतो. बाजू चुकली तर ताम्रहानी शंभरपट चुकते. उत्तर १५,००० वॉट आले, की ते उघडे पडते.

निर्भार प्रवाह प्राथमिक बाजूला ०.१ अँपिअर होतो व त्याचा शक्तिगुणक ०.५ असतो. भाराचा शक्तिगुणक ०.८ लॅगिंग असेल, तर ५ व ०.१ यांची सरळ बेरीज न करता घटकांची करावी. क्रियाशील घटक ४ + ०.०५, प्रतिक्रियाशील घटक ३ + ०.०८७, म्हणून प्राथमिक प्रवाह सुमारे ५.०९ अँपिअर. सरळ बेरीज ५.१ येते. पूर्ण भाराला हा फरक नगण्य असला, तरी हलक्या भाराला तसा राहत नाही.

कार्यक्षमता : निर्गत ८००० वॉट, हानी १०० + १५० = २५० वॉट, म्हणून ८००० ÷ ८२५० = ९६.९७%. अर्ध्या भाराला ताम्रहानी प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे घटून ३७.५ वॉट होते, लोहहानी मात्र १०० वॉटच राहते, कार्यक्षमता ९६.६८%. लोहहानीही अर्धी केली, तर उत्तर फसवे चांगले येते. दोन्ही हानी समान होतात तेथे, म्हणजे √(१००/१५०) = ०.८१६ भाराला, कार्यक्षमता कमाल ९७.०३% असते.

वरच्या ८००० वॉटमध्ये एक गृहीत दडलेले आहे : भार असतानाही द्वितीयक टोकांवर २०० व्होल्टच आहेत. प्राथमिक बाजूला नेमके २००० व्होल्ट ठेवले, तर ५० अँपिअर व ०.८ लॅगिंगला अंतर्गत पतनामुळे द्वितीयक व्होल्टेज सुमारे १९२ वर येते, निर्गत शक्ती सुमारे ७,६७० वॉट होते आणि कार्यक्षमता सुमारे ९६.८%. उलट २०० व्होल्ट टिकवायचे, तर प्राथमिक बाजूला सुमारे २,०८२ व्होल्ट द्यावे लागतील. या मुद्द्यावर मानकांच्या रीतीही वेगळ्या आहेत. आयईसी पद्धतीत द्वितीयकाचे नामांकित व्होल्टेज निर्भार स्थितीचे असते, अमेरिकी पद्धतीत नामांकित केव्हीए निर्गत बाजूला मोजतात. पाठ्यपुस्तकी गणितात मात्र निर्गत व्होल्टेज नामांकितच धरण्याचा संकेत आहे. प्रश्नात प्राथमिक व्होल्टेज स्थिर असल्याचे म्हटलेले नसेल, तर तोच पाळणे बरे.