हेडस्पेस गंधग्रहण: जिवंत फुलाच्या सुगंधाचे विश्लेषण

फूल न तोडता त्याच्याभोवतालच्या हवेतला गंध पकडायचा आणि गॅस क्रोमॅटोग्राफीने त्यातली द्रव्ये एकेक करून ओळखायची, ही हेडस्पेस पद्धत. बाटलीतल्या द्रवावर उरलेल्या हवेच्या पोकळीला हेडस्पेस म्हणतात. इथे फुलाला घातलेल्या पिशवीतली हवा म्हणजे ती पोकळी. 1970 व 1980च्या दशकांत सुगंध उद्योगाने ही पद्धत फुलांसाठी घडवली. स्वित्झर्लंडचे रोमन कैसर यांनी तिने ऑर्किडांचे गंध नोंदवले, तर अमेरिकेत ब्रज मुखर्जी यांनी झाडावरचे फूल आणि तोडलेले तेच फूल यांच्या गंधांची तुलना करून दोन्हींतली द्रव्यांची प्रमाणे वेगळी असल्याचे दाखवले.

पद्धतीची गरज कुठे पडते ते पुण्यातल्या कुंपणांवर दिसणाऱ्या रातराणीवरून (सेस्ट्रम नॉक्टर्नम) चांगले कळते. मोगरा खुडल्यावरही तासन्‌तास दरवळतो, म्हणून गजरा करता येतो आणि अत्तरही काढता येते. रातराणीचा कोणी गजरा करत नाही. तिची चिमुकली हिरवट फुले अंधार पडल्यावर उमलतात, गंध तेव्हाच तयार होतो आणि तयार होताच हवेत जातो. पाकळीत त्याचा साठा जवळजवळ नसतो. दिवसा खुडलेल्या फुलात शोधण्याजोगे काही नसते आणि रात्री खुडलेले फूल भट्टीवर उकळले तर शिजलेल्या पाल्याचा वास येतो. ही लय केवळ अंधाराने चालत नाही. झाड सतत एकसारख्या प्रकाशात ठेवले तरी उमलणे आणि गंध यांचे चक्र काही दिवस टिकते, हे 1960 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले. म्हणून नमुना घ्यायचा तो झाडाच्या वेळेला, झाडावरच.

साहित्य थोडे असते. ओव्हनमध्ये भाजण्यासाठी मिळणारी पॉलिएस्टरची पिशवी घेतात, कारण साध्या प्लॅस्टिकमधून प्लॅस्टिकचेच वास निघतात. पिशवी आधी ओव्हनमध्ये तापवून तिचा स्वतःचा गंध घालवतात. संध्याकाळी कळ्या उमलण्याआधी ती घोसावर चढवून देठाशी सैल बांधतात. कोळशाच्या गाळणीतून स्वच्छ झालेली हवा मिनिटाला 200 मिलिलिटर आत सोडतात आणि दुसऱ्या तोंडाने 100 मिलिलिटर ओढून घेतात. आत येणारी हवा जास्त असली की फटींमधून हवा बाहेरच जाते, रस्त्याचा धूर आत शिरत नाही. बाहेर ओढलेली हवा बोटाएवढ्या नळीतून जाते. नळीत टेनॅक्स नावाच्या सच्छिद्र पॉलिमरची सुमारे 200 मिलिग्रॅम भुकटी असते आणि गंधाचे रेणू तिच्यावर चिकटतात. तासाभरात 6 लिटर हवा गाळली जाते.

प्रयोगशाळेत नळी 250 अंशांच्या आसपास तापवली की रेणू सुटतात. ते आधी थंड सापळ्यात गोळा करून एका झटक्यात हेलियमच्या प्रवाहात सोडतात. पुढे 30 मीटर लांब आणि पाव मिलिमीटर व्यासाची, आतून सिलिकॉनचा पातळ लेप असलेली नलिका असते. ती ज्या भट्टीत असते तिचे तापमान 40 अंशांपासून हळूहळू चढत जाते. लेपात कमी रमणारे आणि लवकर उडणारे रेणू आधी बाहेर पडतात, जड रेणू मागाहून. शेवटी वस्तुमान वर्णपटमापी प्रत्येक रेणूचे तुकडे करून त्याची खूण, म्हणजे वर्णपट, नोंदवतो आणि बाहेर आलेले प्रत्येक द्रव्य आलेखावर एक शिखर होऊन दिसते. नळी एकदा तापवली की बहुतेक यंत्रांत नमुना संपतो. त्यामुळे एका घोसावर दोन-तीन नळ्या घेतलेल्या बऱ्या.

ओळख पटवताना संगणकाच्या संग्रहातल्या जुळणीवर विसंबू नये. अनेक टर्पीन द्रव्यांच्या खुणा इतक्या सारख्या असतात की संगणक ठामपणे चुकीचे नाव सांगतो. त्यावर उपाय निर्देशांकाचा, म्हणजे द्रव्य नलिकेतून किती वेळाने बाहेर पडते त्यावरून दिलेल्या अंकाचा. त्याची मूळ कल्पना एर्विन कोव्हाट्स यांनी 1958 मध्ये मांडली. समजा, नऊ कार्बनचे सरळ हायड्रोकार्बन 9.40 मिनिटांनी आणि दहा कार्बनचे 11.60 मिनिटांनी बाहेर आले, तर त्यांना 900 आणि 1000 हे अंक द्यायचे. आपले अनोळखी शिखर 10.72 मिनिटांना आले. दोघांतल्या 2.20 मिनिटांपैकी 1.32 मिनिटे, म्हणजे 60 टक्के अंतर त्याने काटले, म्हणून निर्देशांक 960. अशा लेपावर बेन्झाल्डिहाइडचा अंक हाच. वर्णपटही जुळला तर नाव लिहायला हरकत नाही.

मात्र द्रव्य बेन्झाल्डिहाइड आहे एवढे ठरल्याने ते रातराणीतून आले असे ठरत नाही. वर्णनांत हा भाग अनेकदा एका वाक्यात उरकला जातो, म्हणून इथे तो सविस्तर दिला आहे. बदामासारख्या वासाचे हे द्रव्य रातराणीच्या गंधात खरोखर असते. अमेरिकेतील कीटकशास्त्रज्ञांना बेन्झाइल ॲसिटेट आणि फिनाइल-ॲसिटाल्डिहाइड यांच्यासोबत ते या फुलांत सापडले आणि या द्रव्यांकडे पतंग ओढले जातात हेही दिसले. पण टेनॅक्सवरून ओझोनयुक्त हवा गेली की टेनॅक्सच थोडे मोडते, आणि मोडताना बेन्झाल्डिहाइड व ॲसिटोफिनोन देते. वाहनांचा धूर आणि ऊन एकत्र आले की ओझोन तयार होतो, आणि पुण्यासारख्या शहरात तो गृहीतच धरावा लागतो. कोळशाची गाळणी तो अडवते, पण गाळणी जुनी झाली किंवा पंपांचा तोल बिघडून बाहेरची हवा आत ओढली गेली, तर फुलाच्या खात्यावर नळीचेच द्रव्य जमा होते. ॲसिटोफिनोनचे शिखरही सोबत वाढलेले दिसले की शंका घ्यावी.

म्हणून त्याच वेळी त्याच झुडपाच्या फुले नसलेल्या फांदीवर दुसरी पिशवी बांधायची. तिच्यातून पानांचा वास आणि पिशवी, हवा, नळी यांचा एकत्रित दोष कळतो. हिशेब असा (आकडे रीत दाखवण्यापुरते धरलेले आहेत). तुलनेचे माप म्हणून प्रत्येक नळीत आधीच 50 नॅनोग्रॅम ड्युटेरियमयुक्त टोल्युइन टाकले. फुलांच्या नळीत बेन्झाल्डिहाइडचे शिखर त्याच्या सहापट आले. दोन्ही द्रव्यांना यंत्राचा प्रतिसाद सारखा धरला तर 300 नॅनोग्रॅम. पानांच्या नळीत 60 निघाले. उरले 240. पिशवीत 200 मिलिलिटर शिरत होते आणि नळीत निम्मेच गेले, म्हणून दुप्पट, 480. तासाभरात 40 फुलांनी इतके दिले, तर दर फुलामागे ताशी 12 नॅनोग्रॅम. पानांच्या नळीतच 250 निघाले असते, तर फुलाबद्दल काहीच म्हणता आले नसते.

पिशवी चढवताना पाने चुरगळली तर कापलेल्या गवताच्या वासाचे हेक्सेनॉल आणि त्याचे ॲसिटेट उसळते. म्हणून बांधल्यावर थोडा वेळ थांबून मगच पंप सुरू करतात. पावसाळ्यात पिशवीच्या आतून दव धरते, पाण्यात विरघळणारी द्रव्ये त्यात अडकतात आणि नमुना कमी भरतो. अगदी हलके रेणू टेनॅक्सवर टिकत नाहीत. मागे दुसरी नळी जोडली आणि तिच्यातही तेच द्रव्य सापडले, तर पहिली भरून वाहिली असे समजावे.

शिखराच्या उंचीवरून वासाची तीव्रता ठरत नाही. काही द्रव्ये यंत्राला दिसणार नाहीत इतकी कमी असली तरी नाकाला कळतात. त्यासाठी नलिकेचे टोक दुभागून एक फाटा वर्णपटमापीकडे आणि दुसरा काचेच्या नरसाळ्याकडे नेतात. तिथे बसलेला माणूस दर क्षणी येणारा वास सांगतो आणि कागदावरच्या सपाट रेषेवरही कधी खूण करतो. मिळालेल्या यादीवरून सुगंधकार द्रव्ये जुळवून रातराणीसारखा गंध उभा करतो. त्यात फुलातून काढलेला एक थेंबही नसतो.